प्ली बार्गेनिंग (भारत)

प्ली बार्गेनिंग म्हणजे फौजदारी खटल्यातील आरोपीने साक्षीपुराव्याची वाट न पाहता गुन्हा कबूल करणे आणि त्या बदल्यात सौम्य शिक्षा मिळवणे होय. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1976) या अन्नभेसळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यांवर टीका केली होती. पुढे 2005 च्या दुरुस्तीने ही पद्धत कायद्यात आली आणि 5 जुलै 2006 पासून अमलात आली. 1 जुलै 2024 पासून तिच्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 289 ते 300 मध्ये आहेत.

कार्यपद्धती

दोषारोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांच्या आत आरोपी शपथपत्रासह अर्ज करतो. कबुली स्वेच्छेची आहे ना, हे न्यायाधीश आरोपीला एकांतात विचारून पडताळतात. त्यानंतर सरकारी वकील, तपास अधिकारी, पीडित व आरोपी यांना समझोत्यासाठी जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. समझोता न झाल्यास खटला पुन्हा पूर्वीच्या टप्प्यावरून चालतो आणि आरोपीने अर्जात सांगितलेली तथ्ये अन्य कारणासाठी वापरता येत नाहीत.

लाभ आणि त्याग

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील एका दुकानदाराचा 20,000 रुपयांचा माल चोरल्याचा आरोप असलेला तरुण जामिनाअभावी सहा महिने कारागृहात आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे कैद आहे. प्रथम गुन्हेगाराला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिने शिक्षा देता येते. इतरांना एक चतुर्थांश, म्हणजे नऊ महिने. आधीची कोठडी शिक्षेतून वजा होत असल्याने हा तरुण लगेच सुटू शकतो आणि दुकानदाराला भरपाई मिळते. ज्या गुन्ह्यास किमान शिक्षा ठरलेली आहे, तेथे प्रथम गुन्हेगारास तिच्या एक चतुर्थांश, तर इतरांस निम्मी शिक्षा देता येते.

मात्र साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची व निर्दोष सुटण्याची संधी तो गमावतो. नावावर दोषसिद्धी राहते. या निकालाविरुद्ध अपील नाही. केवळ सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यामुळे निरपराध पण गरीब कैदी निव्वळ सुटकेसाठी कबुली देण्याचा धोका उरतो. न्यायाधीशांच्या एकांतातील चौकशीचे महत्त्व यातच आहे.

वगळलेले गुन्हे

मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक कैदेचे गुन्हे, तसेच स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे वगळले आहेत. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. हुंडा प्रतिबंध, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध व वन्यजीव संरक्षण कायद्यांखालील गुन्हे 2006 च्या अधिसूचनेत आहेत. त्याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेल्यासही ही सवलत नाही.

गुन्हा यादीत नसला, तरी अर्ज मंजूर होतोच असे नाही. 2007 मध्ये मुंबईत अपहाराचा आरोप असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एका कर्मचाऱ्याने असा अर्ज केला होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपांच्या गांभीर्याकडे बोट दाखवून विरोध केला आणि विशेष न्यायालयाने अर्ज फेटाळला.