धूर-सूचक आणि कार्बन मोनॉक्साइड-सूचक

धूर-सूचक (स्मोक अलार्म) आणि कार्बन मोनॉक्साइड-सूचक (सीओ अलार्म) ही घरातील धोक्याचा इशारा देणारी दोन स्वतंत्र उपकरणे आहेत. दिसायला ती सारखी असली तरी पहिले हवेतील घन व द्रव कण ओळखते, तर दुसरे एक अदृश्य व गंधहीन वायू ओळखतो. म्हणून एक उपकरण दुसऱ्याचे काम करू शकत नाही. दोन्ही संवेदक एकाच पेटीत असलेली संयुक्त उपकरणेही मिळतात.

धूर ओळखण्याची पद्धत

धूर-सूचकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. आयनीभवन प्रकारात अमेरिशिअम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्याच्या किरणांमुळे कप्प्यातील हवेचे आयन बनतात व दोन पट्ट्यांमधून क्षीण विद्युत्प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की आयन त्यांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. भडकलेल्या आगीचे अतिसूक्ष्म कण हा प्रकार लवकर टिपतो. मात्र फोडणीच्या धुरानेही तो वाजू शकतो.

प्रकाशविद्युत प्रकारात काळोख्या कप्प्यात प्रकाशाची शलाका सोडलेली असते, पण ती संवेदकावर थेट पडत नाही. धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचला की इशारा मिळतो. गादी किंवा सोफा ज्वालेविना धुमसत असताना निघणारे मोठे कण यास चटकन सापडतात. दाट वाफही प्रकाश विखुरते, त्यामुळे स्नानगृहाच्या दारालगत हे उपकरण विनाकारण वाजते.

कार्बन मोनॉक्साइड ओळखण्याची पद्धत

या सूचकात बहुधा विद्युत-रासायनिक घट असतो. कार्बन मोनॉक्साइडचे एका विद्युतग्रावर ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि त्यातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वायूच्या प्रमाणानुसार वाढतो.

येथे वायूच्या प्रमाणाबरोबर काळही मोजला जातो, कारण हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो व शरीरात हळूहळू साठतो. अमेरिकेतील यूएल २०३४ मानकानुसार दहा लाख भागांत ७० भाग वायू असल्यास इशारा एक ते चार तासांत, तर ४०० भाग असल्यास ४ ते १५ मिनिटांत मिळावा लागतो. म्हणजे उपकरण काही काळ गप्प राहिले तरी ते बिघडलेलेच असते असे नाही.

बसवण्याची जागा

उष्ण धूर वर चढतो. त्यामुळे धूर-सूचक छतावर किंवा भिंतीवर छतालगत बसवतात. प्रत्येक शयनगृहात, शयनगृहांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एक असावा, आणि चुलीपासून तो सुमारे ३ मीटर दूर ठेवावा.

कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने तो हवेत सर्वत्र मिसळतो. तो जमिनीवर बसतो ही समजूत चुकीची आहे. शयनगृहात हा सूचक झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर असावा. ज्या खोलीत इंधन जळते तेथे तो त्या साधनापासून १ ते ३ मीटर अंतरावर असावा. पडदा, कपाट किंवा खिडकीतील झोत यांच्याजवळ तो नसावा. जमिनीलगत बसवायचे उपकरण वेगळे आहे: हवेहून जड असलेल्या एलपीजीची गळती ओळखणारे. ते कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही.

गॅस गिझरचे उदाहरण

बंद स्नानगृहातील गॅस गिझर हा महाराष्ट्रातील घरांमधील परिचित धोका आहे. ज्योत खोलीतील ऑक्सिजन वापरते. तो कमी झाला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि धूर-सूचक शांतच राहतो. स्नान करणाऱ्याला डोकेदुखी, चक्कर व मळमळ जाणवते. बाहेर पडण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

सीओ अलार्म स्नानगृहात बसवता येत नाही, कारण सततची आर्द्रता त्याच्या संवेदकास बाधते. दाराबाहेर बसवल्यास वायू आधी आत साठतो आणि बाहेर उशिरा पोहोचतो. अशा वेळी इशारा घरातील इतरांना मिळतो, आत असलेल्याला नाही. म्हणून येथे सूचक हा पर्याय ठरत नाही. गिझर खुल्या बाल्कनीत वा हवेशीर जागी बसवून नळाने पाणी आत आणणे हाच खरा उपाय होय.

इशारा आणि मर्यादा

उत्तर अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत धुरासाठी तीन-तीन, तर कार्बन मोनॉक्साइडसाठी चार-चार स्वरांचे गट वाजतात. ठरावीक अंतराने येणारी एकच बारीक ‘टिक्’ बहुधा बॅटरी संपत आल्याची वा आयुष्य सरल्याची खूण असते. सीओ अलार्म वाजल्यास सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. केवळ खिडक्या उघडून आवाज थांबला म्हणून परत आत येऊ नये.

चाचणीचे बटन भोंगा व विद्युत-मंडल तपासते. घट वायू ओळखतो की नाही हे त्यावरून कळत नाही. धूर-सूचक १० वर्षांनी बदलतात. सीओ अलार्मचे आयुष्य उत्पादनानुसार ५ ते १० वर्षे असते व त्याची मुदत उपकरणाच्या मागे छापलेली असते.