अंगावरचे दूध काढून ठेवणे आणि रात्री पाजणे (सोलापूर)

आई जवळ नसताना, किंवा जवळ असूनही तिला सलग झोप मिळावी म्हणून, हाताने वा ब्रेस्ट पंपाने आधी काढून ठेवलेले दूध बाळाला रात्री पाजण्याची रीत. वरच्या दुधापेक्षा तिचे नियम वेगळे आहेत. नियम थोडेच आहेत, पण ते पाळायची वेळ रात्री एक-दीडला येते आणि पाळणारा अर्धवट झोपेत असतो. पुढील माहिती पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे.

खोलीतले तापमान. ‘काढलेले दूध बाहेर चार तास टिकते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी आहे. दूध स्वच्छ हातांनी स्वच्छ भांड्यात काढले असेल, तर २७ ते ३२ अंशांपर्यंतही चार तासांची मर्यादा धरता येते. त्यापलीकडे भरवशाचा आकडा नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचा पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहा वाजताही ३२ अंशांहून जास्त तापमान असणे नवलाचे नाही. अशा खोलीत पलंगाशेजारी बाटली भरून ठेवणे आणि ‘चार तास आहेत’ म्हणून निर्धास्त झोपणे चूक आहे. उन्हाळ्यात दूध काढले की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. डिसेंबरातल्या थंड रात्री तीच बाटली चार तास बाहेर राहिली तरी हरकत नसते.

ताज्या दुधात जंतूंना रोखणारे घटक असतात. म्हणून पहिले काही तास ते गाई-म्हशीच्या दुधासारखे नासत नाही. पण ऊब वाढली की जंतूंची वाढ या घटकांच्या ताकदीपुढे जाते. फ्रिज नसलेल्या घरात बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याने दूध थोडे थंड राहते, पण त्याला फ्रिज समजू नये; मर्यादा खोलीचीच धरावी. बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या घातलेली जाड अस्तराची पिशवी मात्र चांगली चालते. तिच्यात दूध २४ तासांपर्यंत ठेवता येते.

फ्रिज आणि गेलेली लाइट. फ्रिजच्या आत ४ अंश असतील तर दूध चार दिवस चालते. ते आतल्या बाजूला, मागे ठेवावे. दारातल्या कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडले की गरम हवेचा झोत आधी तिथेच लागतो. एका दाराच्या फ्रिजमध्ये भर उन्हाळ्यात, दार सतत उघडत असताना, ४ अंश टिकतातच असे नाही. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवला तर सकाळी खरे काय ते कळते. तपासलेले नसेल तर अशा फ्रिजमधले दूध चार दिवस न ठेवता एक-दोन दिवसांत संपवणेच बरे. एका दाराच्या फ्रिजमधल्या वरच्या बर्फाच्या खणात दूध दोन आठवडे ठेवावे, स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये मात्र ते काही महिने टिकते.

लाइट गेल्यावर दार बंद ठेवले तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. म्हणून रात्री लाइट गेली की दूध तपासायला दार उघडू नये, पाजायची बाटली एकदाच काढावी. गोठलेले दूध फ्रिजमध्ये वितळू दिले तर पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरावे. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

ताजे, कोमट दूध आधीच्या थंड दुधात थेट ओतू नये. आधी ते फ्रिजमध्ये गार करावे आणि मग मिसळावे. बाटलीवर त्यातल्या सर्वांत जुन्या दुधाची तारीख-वेळ लिहावी.

तापवणे. महाराष्ट्रातल्या घरात दूध आले की तापवायचे, ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे की आजी प्रेमापोटी तेच अंगावरच्या दुधालाही करते. इथे ती सवय सोडावी लागते. उकळल्याने जंतूंशी लढणारे घटक आणि काही पाचक विकरे निकामी होतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांमध्ये दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून मग झपाट्याने थंड करतात. पण ते दूध दुसऱ्या मातांनी दान केलेले आणि दुसऱ्याच्या बाळाला द्यायचे असते, म्हणून थोडे गुण गमावून सुरक्षितता मिळवलेली असते. स्वतःच्या बाळासाठी घरी काढलेल्या दुधाला या प्रक्रियेची गरज नाही.

खरे तर कोमट करणेही सक्तीचे नाही. निरोगी बाळाला फ्रिजमधले गार दूध चालते, फक्त काही बाळे ते तोंडात घेत नाहीत. कोमट करायचे तर झाकण घट्ट लावलेली बाटली कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे उभी ठेवावी. पाणी ४० अंशांपर्यंत असावे, म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतके. ते झाकणाच्या खालीच राहू द्यावे, नाहीतर साठवणीचे पाणी दुधात शिरते. वर साय धरल्यासारखा थर दिसतो, तो नैसर्गिक असतो. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की मिसळतो. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकल्यावर गरमही लागू नये आणि गारही. मायक्रोवेव्ह वापरू नये. त्यात बाटली हाताला कोमट लागते, पण आतल्या दुधाचा एखादा भाग पोळण्याइतका तापलेला असतो.

रात्रीचा सर्वांत मोठा धोका जंतूंचा नाही. तो उकळत्या पाण्याचा आहे. झोपेत गॅस पेटवणारा, एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात पातेले धरलेला माणूस भाजतो किंवा भाजवतो. म्हणून रात्री गॅस लागूच नये, अशी सोय संध्याकाळी करून ठेवावी. चांगल्या थर्मासमध्ये झोपताना ४५ अंशांच्या आसपासचे पाणी भरले तर मध्यरात्री ते जवळजवळ हवे तेवढे कोमट सापडते. सोलापूरच्या मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीचे पाणीच दिवसभर तापून इतके कोमट असते, की ते वाडग्यात घेतले तरी काम भागते.

एका रात्रीचे उदाहरण. आई खासगी रुग्णालयात नर्स आहे. २०१७ च्या दुरुस्तीनुसार मिळालेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपली आहे, बाळ सात महिन्यांचे आहे. आज तिची रात्रपाळी आहे आणि घरी बाळाचे वडील आहेत. दुपारी दोनला तिने ९० मिली दूध काढले, संध्याकाळी सहाला १०० मिली. बाळ रात्री साधारण दोनदा उठते. निघण्यापूर्वी ती दूध चार भांड्यांत वाटते: ६० आणि ३० (दुपारचे), ६० आणि ४० (संध्याकाळचे). प्रत्येकावर टेपची पट्टी चिकटवून मार्करने मोठ्या अक्षरांत वेळ लिहिते आणि पाजण्याचा क्रम १, २, ३, ४ असा टाकते. जुने दूध आधी, म्हणून दुपारचे १ आणि २. झोपेत माणसाला वेळेचा हिशेब जमत नाही, आकडा वाचता येतो.

साडेबाराला बाळ उठते. वडील १ नंबरची बाटली काढतात, थर्मासचे पाणी वाडग्यात ओततात, बाटली त्यात ठेवतात आणि तोवर साबणाने हात धुतात. बाळ ६० मिली पिऊन अजून मागते, म्हणून २ नंबरमधले ३० कोमट करतात. बाळ त्यातले १० पिऊन झोपते. उरलेल्या २० मिलीत बाळाची लाळ मिसळली आहे. पाजणे संपल्यापासून दोन तासांत ते दिले तर चालते, त्यानंतर टाकून द्यायचे. वेळ एक वाजताची आहे. तीनच्या आत बाळ उठेल याची खात्री नाही, आणि चार वाजता उठल्यावर ‘मगाशी किती वाजले होते’ हे वडिलांना आठवणार नाही. त्यांनी ते लगेच ओतून टाकावे हे बरे. छोट्या वाट्यांचा फायदा इथे दिसतो: ९० मिली एकदम कोमट केले असते तरी गेले असते २० मिलीच, पण ६० वर बाळ झोपले असते तर ३० मिली वाया गेले असते. न उघडलेली, न तापवलेली बाटली फ्रिजमध्ये तशीच सुरक्षित असते. कोमट केलेली पण न पाजलेली बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची नाही, तीही दोन तासांतच वापरायची.

सव्वाला लाइट जाते, तीनला येते. मधे दार उघडलेले नाही, त्यामुळे ३ आणि ४ नंबरचे दूध ठीक आहे. चारला बाळ उठते. वडील पलंगावर आडवे पडून पाजायला जात नाहीत, कारण बाटली तोंडात असताना झोप लागली तर बाळाला ठसका लागू शकतो. ते भिंतीला पाठ टेकून बसतात, बाळाचे डोके उंच धरतात आणि लहान दिवा लावतात. वाटी-चमचा किंवा बोंडलेही चालते आणि बाटलीपेक्षा ते धुवायला सोपे असते, मात्र त्याला पूर्ण जागे असलेला माणूस हवा. इकडे रुग्णालयात आईने एकदा दूध काढले आहे. ते गोठवलेल्या पिशव्या घातलेल्या अस्तराच्या पिशवीत घरी येते आणि सकाळी फ्रिजमध्ये जाते.

भांडी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपे भरलेली असतात. साठवलेल्या पाण्याने नुसते धुऊन भागत नाही. पंपाचे दुधाला लागणारे भाग आणि बाटल्या प्रत्येक वेळी साबणाने धुवाव्यात, मग पातेल्यात पाच मिनिटे उकळाव्यात आणि स्वच्छ फडक्यावर वाळू द्याव्यात. फडक्याने पुसू नयेत. हे काम दिवसा करून रात्रीसाठी कोरडी भांडी वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

वास. काही आयांच्या साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातले लायपेज नावाचे विकर चरबी फोडते, म्हणून असे होते. असे दूध अपायकारक नसते, पण बाळ ते नाकारू शकते. अशा आईने साठा लहान ठेवावा आणि ताजे दूध आधी वापरावे. आंबूस वास, किंवा फिरवूनही न मिसळणाऱ्या गुठळ्या दिसल्या तर दूध टाकून द्यावे. वास चांगला आहे म्हणजे दूध सुरक्षित आहे असे मात्र नाही. बाहेर किती वेळ राहिले हाच हिशेब पाहावा.

कमी दिवसांची बाळे. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाला वरील मुदती लागू नाहीत. अशा बाळाचे दूध किती वेळ ठेवायचे आणि भांडी कशी निर्जंतुक करायची, हे त्याला सांभाळणाऱ्या अतिदक्षता कक्षाकडून लिहून घ्यावे.