अवतरणमर्यादा, लेखाधिकारातील
दुसऱ्याच्या ग्रंथातील मजकूर वा आकृती लेखी परवानगीवाचून किती प्रमाणात घेता येते, हे ठरविणारी लेखाधिकार कायद्यातील मर्यादा. अमुक इतके शब्द किंवा पृष्ठे घेतल्यास हरकत नाही, अशी समजूत रूढ असली, तरी असे सर्वसाधारण प्रमाण कायद्याने दिलेले नाही.

या मर्यादेचे निकष अमेरिकेतील ‘फॉल्सम विरुद्ध मार्श’ या खटल्यात १८४१ मध्ये स्पष्टपणे मांडले गेले. जॅरेड स्पार्क्सने जॉर्ज वॉशिंग्टनच्या लेखनाचे व पत्रांचे १२ खंड संपादित केले होते. चार्ल्स अपहॅमने शालेय ग्रंथालयांसाठी वॉशिंग्टनचे द्विखंडात्मक चरित्र तयार केले. त्याच्या ८६६ पृष्ठांपैकी ३५३ पृष्ठांचा मजकूर स्पार्क्सच्या ग्रंथातून जसाच्या तसा घेतलेला होता. मूळ १२ खंडांच्या मानाने हा भाग थोडा असल्याचा बचाव टिकला नाही. घेतलेल्या भागाचे स्वरूप व हेतू, त्याचे प्रमाण व मोल आणि मूळ ग्रंथाच्या विक्रीवर होणारा परिणाम यांचा विचार एकत्र करावा, असे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी सांगितले. परीक्षणासाठी दिलेला उतारा क्षम्य ठरतो. मूळ ग्रंथाची गरजच संपविणारा उतारा क्षम्य ठरत नाही. हेच निकष विस्तारित रूपाने अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात आले. पुढे १९८५ मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकाने जेरल्ड फोर्ड यांच्या अप्रकाशित आत्मवृत्तातून घेतलेले सुमारे ३०० शब्दही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ठरविले. कारण ते ग्रंथाचे मर्मस्थान होते.

भारतात १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार खाजगी अभ्यास व संशोधन, समीक्षा आणि चालू घटनांचे वृत्तांकन यांसाठी न्याय्य वापर करता येतो. आकृतीची अडचण वेगळी आहे. आकृती, नकाशा व आलेख यांची या कायद्यात कलाकृतींमध्ये गणना होते. त्यामुळे मजकुरातील परिच्छेद हा ग्रंथाचा अंश असला, तरी एक आकृती घेणे म्हणजे बहुधा संपूर्ण कृतीच घेणे होय. आकृतीतील तथ्ये व आकडे यांवर लेखाधिकार नसतो. त्यांवरून स्वतंत्र मांडणीची नवी आकृती काढता येते. रेषा गिरवून किंवा केवळ रंग बदलून काढलेली आकृती मात्र नक्कलच ठरते.

तेव्हा समीक्षेच्या गरजेपलीकडचा दीर्घ उतारा किंवा केवळ सजावटीसाठी वा पाठ्यपुस्तकात वापरावयाची आकृती यांसाठी अधिकारधारकाची लेखी परवानगी आवश्यक असते. श्रेयनिर्देश तिची जागा घेऊ शकत नाही. ग्रंथातील आकृती अन्यत्रून घेतलेली असल्यास ग्रंथाच्या प्रकाशकाची अनुमती अपुरी पडते. म्हणून आकृतीखालील ऋणनिर्देश प्रथम पाहावा. परवानगीपत्रात पृष्ठ वा आकृतीचा क्रमांक, आवृत्ती, भाषा व अपेक्षित फेरबदल यांचा उल्लेख असावा. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील लेखाधिकार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो व मग अशा परवानगीची गरज उरत नाही.