चमचा, मेणबत्ती आणि ‘अल्ब्युमिन’

१/ लघवीच्या अहवालात ‘अल्ब्युमिन’ हा शब्द वाचून अनेकजण गोंधळतात. वस्तुतः त्याचे मूळ अंड्यात आहे. लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणजे पांढरा आणि ‘अल्ब्युमेन’ म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. हा शब्द लघवीपर्यंत पोहोचला, त्याची ही कथा.

२/ नेपल्सचे वैद्य डोमेनिको कोतुन्यो यांनी अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी विस्तवावर आटवली. निम्मी आटण्यापूर्वीच उरलेली लघवी अंड्याच्या बलकासारखी पांढरी गोठली. हे निरीक्षण त्यांनी १७६४ मध्ये प्रसिद्ध केले.

३/ त्याचा अर्थ लावला लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी. ते चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवीत. ज्यांची लघवी गोठे, अशा सूज आलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना बिघडलेली मूत्रपिंडे आढळली. १८२७ च्या ग्रंथात त्यांनी सूज, गोठणारी लघवी आणि मूत्रपिंडे यांचा संबंध जोडला.

४/ या परीक्षेत फसगतही होई. लघवीतील फॉस्फेट क्षारांमुळेही तापवल्यावर गढूळपणा येतो. तेव्हा सौम्य ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकतात. गढूळपणा विरघळला तर ते क्षार होते. टिकला तर प्रथिन.

५/ म्हणून ‘अल्ब्युमिन’चा सोपा अर्थ असा: रक्तातले प्रथिन मूत्रपिंडाच्या गाळणीतून लघवीत उतरले आहे. ताप किंवा अतिश्रमानेही ते तात्पुरते उतरू शकते. त्यामुळे एका अहवालावरून निदान होत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते.

६/ ‘पस सेल्स’चे शब्दशः भाषांतर ‘पू-पेशी’ असे होते आणि वाचणारा घाबरतो. या असतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात त्या मोजतात. चार-पाचपर्यंत सामान्यतः चिंता नसते. बऱ्याच वाढल्या तर मूत्रमार्गात जंतुसंसर्गाचा संशय घेतात.

७/ शौचाच्या अहवालातील ‘ऑकल्ट ब्लड’मध्ये गूढविद्या नाही. ‘ऑकल्ट’ म्हणजे लपलेले: डोळ्यांना न दिसणारे रक्त. एकोणिसाव्या शतकात ते शोधण्यासाठी ग्वायाकम या अमेरिकी उष्णकटिबंधातील झाडाचा राळेसारखा चीक वापरात आला. नंतर रूढ झालेल्या पद्धतीत नमुन्यावर हा चीक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. रक्त असल्यास निळा रंग उमटतो.

८/ मात्र तांबड्या मांसामुळे किंवा कच्च्या मुळ्यामुळेही निळा रंग उमटू शकतो. म्हणून या पद्धतीच्या चाचणीआधी पथ्य सांगतात. शिवाय ‘आढळले’ या उत्तराने रक्त आहे एवढेच कळते. ते मूळव्याधीचे, जठरातील व्रणाचे की आतड्यातील गाठीचे, हे पुढच्या तपासणीनेच ठरते.