तालुका (चाकण-पिंपरी चिंचवड पट्टा)

जिल्ह्याखालच्या महसुली पायरीला महाराष्ट्रात तालुका म्हणतात. मुलुखाचे नाव तालुका, कचेरीचे नाव तहसील आणि अधिकारी तहसीलदार. विदर्भ पूर्वी मध्य प्रांतात होता, त्यामुळे तिकडे मुलुखालाही तहसील म्हणण्याची सवय अजून आहे. गोव्यात तालुक्याचा अधिकारी आजही मामलेदार आहे. आपल्याकडची जुनी माणसेही ‘मामलेदार कचेरी’च म्हणतात.

चाकणची औद्योगिक वसाहत पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात येते. तालुक्याचे ठिकाण राजगुरुनगर. शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ गावाचे नाव बदलले, तालुक्याचे मात्र खेडच राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातही खेड तालुका आहे. म्हाळुंगे नावाचे एक गाव खेडमध्ये चाकणलगत, तर दुसरे मुळशीत बालेवाडीजवळ. म्हणून सात-बारा काढताना आधी जिल्हा, मग तालुका आणि शेवटी गाव निवडावे लागते. उताऱ्याच्या माथ्यावरचा तालुका वाचला की चूक लगेच कळते.

या पट्ट्यात बाहेरून कामाला आलेल्यांची खरी अडचण ‘मंडळ’ या शब्दाने होते. आंध्र प्रदेशात १९८५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने मोठे तालुके मोडून लहान मंडल केले, आणि तेलंगणातही तीच रचना आहे. तिथला मंडल म्हणजे जिल्ह्याखालचा महसुली घटक. आपल्याकडे मंडळ तालुक्याच्या पोटात असते : काही गावांचा मिळून तलाठी सजा, काही सजांचे मिळून महसूल मंडळ, आणि त्यावर मंडळ अधिकारी. तेलंगणातून आलेल्या कामगाराने इथला पत्ता लिहिताना ‘मंडल’च्या रकान्यात चाकण लिहिले, तर तो एक पायरी खाली उतरतो. तिथे खेड लिहायला हवे.

‘ब्लॉक’ ही वेगळीच वाट आहे. ती महसुलाची नसून विकासयोजनांची आहे. महाराष्ट्रात तिचे कार्यालय पंचायत समिती, अधिकारी गटविकास अधिकारी, आणि हद्द साधारण तालुक्याइतकीच. बिहारमध्ये मात्र दोन नावे स्पष्टपणे वेगळी चालतात : जमिनीसाठी अंचल, योजनांसाठी प्रखंड. मराठीत ‘गट’ हा शब्द फारच ताणला गेला आहे. गटविकास अधिकाऱ्याचा गट म्हणजे ब्लॉक, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतला गट म्हणजे मतदारसंघ, आणि उताऱ्यावरचा गट क्रमांक म्हणजे जमिनीचा तुकडा.

पिंपरी चिंचवडमध्ये महसूल आणि विकास या दोन वाटा उघड फुटतात. १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराचा मोठा भाग महसुलाच्या दृष्टीने हवेली तालुक्यातच आहे. हवेली नावाचे ठिकाणाचे गाव नाही. तहसील कचेरी पुणे शहरात आहे. चिखलीच्या जमिनीच्या उताऱ्यावर तालुका ‘हवेली’ असतो, पण हवेली पंचायत समितीची सत्ता तिथे चालत नाही, कारण पंचायत समिती ग्रामीण भागापुरतीच आहे. नगरपरिषद झालेल्या चाकणचेही तसेच : तालुका खेड, मात्र पंचायत समितीच्या हद्दीबाहेर. पत्त्यात ‘ब्लॉक’चा रकाना आला, तर अशा गावाला लिहायला नाव उरत नाही.