पीएफची पेन्शन : दहा वर्षं भरली तर पेन्शन, आधी नोकरी सोडली तर किती रक्कम?

कंपनी सुटली की बहुतेक कामगार पहिलं काम करतात ते म्हणजे पीएफ काढण्याचं. तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन सेंटरवर आधार आणि पासबुक दिलं जातं, सेंटरवाला दोन अर्ज भरतो आणि काही दिवसांत खात्यात दोन वेगवेगळ्या रकमा येतात. मोठी रक्कम पीएफची असते, लहान रक्कम पेन्शनची. ही लहान रक्कम घेतली की पेन्शनसाठी मोजली जाणारी तोपर्यंतची नोकरी पुसली जाते, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

पेन्शनचा पैसा येतो मालकाच्या हिश्श्यातून. कामगाराच्या पगारातून (मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून) १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही साधारण तेवढेच भरतो, पण त्याच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये वळवले जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये राहतात. हा ८.३३ टक्क्यांचा हिशोब जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर होतो. म्हणजे पगार कितीही असो, पेन्शन खात्यात महिन्याला १,२५० रुपयांच्या वर जात नाहीत. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच १५,००० च्या वर पगार असलेल्या कामगाराचा हा रकाना रिकामा असतो, कारण तो या योजनेत येतच नाही. त्याच्या मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो.

पेन्शन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते. एकाच कंपनीत दहा वर्षं काढावी लागतात असं नाही. चार कंपन्यांतली मिळून दहा झाली तरी चालतात. मधे दोन वर्षं घरी बसलेला असला तर ती दोन वर्षं धरली जात नाहीत, पण आधीची सेवा वायाही जात नाही. शेवटचे सहा महिने किंवा त्याहून जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरलं जातं, त्याहून कमी असतील तर सोडून दिलं जातं. त्यामुळे ९ वर्षं ६ महिने झालेला कामगार पेन्शनला पात्र ठरतो आणि ९ वर्षं ५ महिने झालेला ठरत नाही. महिनाभरासाठी हातची पेन्शन गेली, असं इथंच होतं. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना मात्र नियमात सोय आहे. वर्षातून काही महिनेच काम असलं तरी हंगामी नोकरीतलं ते वर्ष पात्रतेसाठी पूर्ण धरलं जातं.

दहा वर्षं भरली की पेन्शनचे पैसे काढता येत नाहीत. तेव्हा योजना प्रमाणपत्र घ्यायचं आणि ५८ व्या वर्षी फॉर्म १० डी भरून पेन्शन सुरू करायची. ५० नंतरही सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात.

दहा वर्षं व्हायच्या आत नोकरी सोडली तर दोन वाटा आहेत. एक, फॉर्म १० सी भरून पैसे काढून घेणे. दुसरी, त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागणे, म्हणजे झालेली सेवा पुढच्या नोकरीत जोडली जाते.

पैसे किती मिळतात ते योजनेतल्या ‘तक्ता डी’ वरून ठरतं. शेवटच्या पगाराला (१५,००० पर्यंतच्या) सेवेनुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. एका वर्षाला १.०२, पाच वर्षांना ५.०२, नऊ वर्षांना ९.३३. पूर्वी वरचे सुटे महिने हिशोबात येत नव्हते आणि सहा महिन्यांच्या आत सोडणाऱ्याला काहीच मिळत नव्हतं. जून २०२४ मध्ये नियम बदलला, आता पूर्ण झालेला प्रत्येक महिना धरला जातो. १५,००० पगारावर २ वर्षं ५ महिने काम केलेल्याला आधी २९,८५० रुपये मिळायचे, आता साधारण ३६,००० मिळतात.

आता एक हिशोब मांडून पाहू. समजा एका कामगाराचा पीएफचा पगार १२,००० आहे आणि सोयीसाठी तो तेवढाच राहिला असं धरू. एमआयडीसीतल्या पहिल्या कंपनीत त्याने पाच वर्षं काढली. सोडताना १० सी भरला, ६०,२४० रुपये मिळाले. या पाच वर्षांत मालकाने पेन्शनमध्ये भरलेले होते जवळपास ६०,०००, म्हणजे पाच वर्षांचं व्याज जवळजवळ नाहीच. पुढे दुसऱ्या कंपनीत सहा वर्षं झाली. आधीची पाच पुसली गेल्यामुळे हाती सहाच, पेन्शन नाही. पुन्हा १० सी भरून ७२,८४० मिळाले. दोन्ही मिळून १,३३,०८०.

त्याने पहिल्या वेळी पैसे काढले नसते तर सेवा ११ वर्षं झाली असती. पेन्शनचं सूत्र असं, शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. बारा हजार गुणिले ११ भागिले ७० म्हणजे महिन्याला १,८८६ रुपये. ५८ नंतर सहा वर्षांच्या आतच १,३३,००० वसूल होतात, पेन्शन त्यापुढेही हयातभर चालते आणि त्याच्यानंतर बायकोला निम्मी मिळते. रक्कम फार मोठी नाही, हे खरंच. वयाच्या तिशीत मुलाच्या ॲडमिशनला साठ हजार लागत असतील तर ५८ ची गोष्ट कोण करणार? पण निर्णय घेताना दोन्ही आकडे समोर असावेत.

सेंटरवर जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पीएफ काढायचा अर्ज फॉर्म १९, पेन्शनचे पैसे काढायचा १० सी. दोन्ही एकत्रच भरले पाहिजेत असं बंधन नाही. पैशांची नड असेल तर फक्त १९ भरून पीएफ काढता येतो आणि पेन्शनची सेवा तशीच राहते. पोर्टलवर `ONLY PENSION WITHDRAWAL (FORM - 10C)` हा पर्याय निवडला की पेन्शनचे पैसे निघाले समजायचे. दुसरी नोकरी लगेच लागली असेल तर काहीच न काढता जुनं खातं त्याच यूएएनवर नव्या कंपनीत ट्रान्सफर करणं सगळ्यात सोपं.

१० सी साठी नोकरी सुटून दोन महिने थांबावं लागायचं. पेन्शनच्या पैशांसाठी ही मुदत ३६ महिने करण्याचा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत घेतला. त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर कोणती अट दिसते ते आधी पाहावं.

वर्षं मोजताना कामगाराची आठवण धरली जात नाही, नोंद धरली जाते. पीएफच्या पोर्टलवर `Service History` मध्ये प्रत्येक कंपनीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. शेजारी बिनपगारी दिवसही दिसतात, ते सेवेतून वजा होतात. ठेकेदाराने काही महिने पैसेच भरले नसतील तर ते पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दिसतं. सोडल्याची तारीख कंपनीने टाकलीच नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी कामगार स्वतः `Mark Exit` मधून ती भरू शकतो. साडेनऊ वर्षांच्या आसपास असलेल्याने राजीनामा देण्याआधी या तारखा बोटावर मोजाव्यात.

दहा वर्षांची अट सगळीकडे लागू नाही. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा आणि पूर्ण अपंग झाला, तर पेन्शन योजनेत एका महिन्याचा हप्ता जमा असला तरी पेन्शनचा दावा करता येतो. अशा घरात कुणी पेन्शनचे पैसे काढून घ्या म्हणून १० सी भरायला लावत असेल तर तो भरू नये, १० डी भरावा.