प्लास्टरच्या आधी भिंतीत वायरिंगचे पाईप टाकताना नेमकं काय बघायचं?

वीटकाम संपतं, गवंडी प्लास्टरची तारीख सांगतो आणि त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन कटर घेऊन घरात येतो. भिंती पुढची 30-40 वर्षं कशा वागणार, हे या चार-आठ दिवसांत ठरतं. प्लास्टर चढलं की आत काय आहे ते दिसत नाही, आणि नंतर एक पॉईंट वाढवायचा म्हटलं तरी टाईल्स फोडाव्या लागतात.

मुळात कन्सील्ड वायरिंगमध्ये प्लास्टरच्या आधी भिंतीत जातात ते फक्त पाईप आणि बोर्डचे बॉक्स. वायर नंतर ओढतात, प्लास्टर वाळल्यावर. घाईघाईत वायरसकट पाईप गाडून टाकला, तर पुढे खराब झालेली वायर बाहेर काढता येईल की नाही याची परीक्षा कधी झालेलीच नसते. पाईप रिकामा असताना त्यातून ओढतार सरकवून बघितली, की तो कुठे चेपलाय किंवा सिमेंटने बुजलाय हे लगेच कळतं. तेव्हा तो बदलणं अर्ध्या तासाचं काम असतं.

खाच उभी का मारायची?

पाईप बसवायला भिंतीत खाच मारावी लागते. विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक IS 1905 सांगतं, की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको आणि आडवी खाच एक षष्ठांशपेक्षा खोल नको. नियम मुळात भार घेणाऱ्या भिंतींसाठी आहे, पण घरातल्या 4 इंची पार्टिशनला तो लावून बघा. 100 मिमी भिंतीत उभी खाच 33 मिमी खोल चालते. आडवी फक्त 16 मिमी. म्हणजे 20 मिमीचा पाईपसुद्धा आडवा पूर्ण आत बसत नाही. तरी तो बसवला जातोच, कारण एका बोर्डवरून शेजारच्या बोर्डला जायचा तो जवळचा रस्ता असतो. अशा भिंतीवर नंतर बरोब्बर त्या रेषेत तडा दिसतो.

म्हणून चांगला इलेक्ट्रिशियन स्लॅबमधून किंवा फरशीखालून आडवा प्रवास करतो आणि भिंतीत फक्त सरळ खाली-वर उतरतो. स्लॅबमधले पाईप आणि पंख्याचे बॉक्स काँक्रीट भरण्याआधीच बसवावे लागतात, त्यामुळे हा विचार भिंती उभ्या राहण्याच्याही आधी सुरू होतो. उभ्या रेषेचा आणखी एक फायदा आहे. बोर्ड दिसला, की त्याच्या थेट वर किंवा खाली ड्रिल मारायचं नाही हे कुणालाही कळतं. तिरका गेलेला पाईप मात्र फोटोफ्रेमच्या खिळ्यालाच सापडतो.

कॉलम आणि बीम कापून पाईप घालायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तरी साईटवर एकदा स्वतः बघून घ्यावं. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत छिन्नी-हातोडी न वापरता कटरने खाच मारावी आणि प्लास्टरआधी त्यावर कोंबडी जाळी ठोकावी, नाहीतर तिथे केसासारखी भेग येते.

पाऊण इंची की एक इंची?

बहुतेक घरांत सरसकट 20 मिमी, म्हणजे बोलीभाषेतला पाऊण इंची पाईप पडतो. तो कुठे पुरतो आणि कुठे नाही, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावरून समजून घेऊ.

समजा ओट्यावर 2000 वॅटची इंडक्शन शेगडी, 1500 वॅटची किटली आणि 1200 वॅटचा मायक्रोवेव्ह आहे. तिन्ही एकदम चालू झाले तर 4700 वॅट होतात. 230 व्होल्टला हा करंट सुमारे 20 अँपिअर होतो. हे सगळे पॉईंट 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर असतील, तर सकाळच्या गडबडीत तो पुन्हा पुन्हा पडणार. मग कुणीतरी 'मोठा एमसीबी टाका' असं सुचवतं, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. एमसीबी मोठा होतो, वायर तेवढीच राहते, आणि गरम होत राहते ती भिंतीच्या आत.

त्यामुळे ओट्याला 2.5 चौरस मिमी वायरची दोन स्वतंत्र सर्किट हवीत. प्रत्येकात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वायर, म्हणजे एकूण सहा. इन्सुलेशन धरून अशी एक वायर साधारण 3.6 मिमी जाड असते आणि पाईपमधली सुमारे 10 चौरस मिमी जागा घेते. सहा वायरना साधारण 61 लागते. 20 मिमी हे मापही पाईपच्या बाहेरच्या बाजूचं आहे. आतून तो 17 मिमीच्या आसपास भरतो, म्हणजे 227 चौरस मिमी जागा. वायरनी 27 टक्के जागा भरली. पाईप 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. वायर ओढताना तिचं इन्सुलेशन सोलू नये आणि आतली उष्णता कोंडू नये, हा त्यामागचा हेतू.

आज तर सगळं बसलं. तीन वर्षांनी डिशवॉशर किंवा मोठा ओव्हन आला आणि 4 चौरस मिमीचं तिसरं सर्किट ओढायचं ठरलं, तर आणखी सुमारे 42 चौरस मिमी जागा लागेल. बेरीज 103 होते, म्हणजे 45 टक्के. आता हद्द ओलांडली. तोच पाईप सुरुवातीला 25 मिमीचा टाकला असता तर आतली जागा साधारण 346 असती आणि तिन्ही सर्किट मिळून 30 टक्के जागा भरली असती. खाच थोडी रुंद होते, पाईपचे पैसे थोडे वाढतात, एवढाच फरक. मेन बोर्डपासून स्वयंपाकघर, गीझर आणि एसीकडे जाणारे पाईप तरी एक इंचीच असावेत. दिव्या-पंख्यांना पाऊण इंची पुरतो.

एकाच पाईपमध्ये अनेक सर्किट एकाच वेळी भार घेत असतील तर वायर एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची करंट वाहायची ताकद घटते. त्यामुळे 40 टक्क्यांच्या आत आहे म्हणून पाचवं-सहावं सर्किट कोंबणं हाही उपाय नाही. तिथे दुसरा पाईप हवा.

काही पाईप तर आज पूर्ण रिकामेच टाकायचे असतात: गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरसाठी एक, मीटरपासून पार्किंगपर्यंत गाडीच्या चार्जिंगसाठी एक. त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बंद करून ठेवावीत. इंटरनेट आणि टीव्हीच्या केबलना कायम वेगळा पाईप द्यावा, विजेच्या वायरसोबत एकाच पाईपमध्ये कधीच नाही.

बॉक्स लपवला की सापडत नाही

वायर पाईपमध्ये वळणं घेत जाते, आणि प्रत्येक वळणाला ओढ वाढते. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये एक जंक्शन बॉक्स द्यावा. वळणाला लांब गोलाईचा बेंड वापरावा. काटकोनी एल्बो स्वस्त पडतो, पण त्याच्या कोपऱ्यात वायर अडकते.

वायरचा जोड पाईपच्या आत कधीच नको. तो बोर्डमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्येच हवा आणि त्या बॉक्सचं झाकण उघडता आलं पाहिजे. गडबड नेमकी इथेच होते. घरमालकाला भिंतीवर गोल झाकण नको असतं, मग पुट्टीवाला त्यावरून हात फिरवून मोकळा होतो. काही वर्षांनी जोड सैल होतो, पंखा मध्येच मंदावतो, दिवे लुकलुकतात आणि दोष शोधायला भिंत ठोकून बघावी लागते. झाकण दिसायलाच नको असेल, तर बॉक्सची जागा आधीच बदलावी: दाराच्या मागे, कपाटाच्या वर. फॉल्स सीलिंग असेल तर त्याला तिथे उघडणारी खिडकी ठेवावी.

बॉक्स बसवताना प्लास्टरची जाडी धरावी लागते. आतलं प्लास्टर साधारण 12 ते 15 मिमी असतं, तेव्हा बॉक्सची कड विटेपासून तेवढी बाहेर हवी. तो फार आत गेला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर आला तर प्लेट भिंतीला टेकत नाही. प्लास्टरआधी बॉक्समध्ये कागद किंवा थर्माकोल भरावा आणि पाईपची तोंडं बंद करावीत.

हिरवी वायर संपली, मग?

आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा किंवा हिरवा-पिवळा, हा ठरलेला संकेत. साईटवर तो मोडतो कारण वायर 90 मीटरच्या गुंडाळीत येते आणि एखादा रंग शेवटच्या खोलीत संपतो. मग स्विचपासून दिव्यापर्यंत हिरवी वायर जाते. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, दिवा लागतो.

धोका पुढच्या माणसाला असतो. पाच वर्षांनी दुसरा इलेक्ट्रिशियन त्याच बॉक्समधून 16 अँपिअरचा पॉईंट काढतो, हिरवी वायर म्हणजे अर्थिंग समजून सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनला जोडतो. आता दिवा लावला की त्या सॉकेटवर असलेल्या वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर करंट येऊ शकतो. म्हणून रंगांमध्ये एकच नियम ताठ धरावा: हिरवा रंग अर्थिंगशिवाय कशालाही नाही. बाकी रंग संपला तर गुंडाळी मागवावी, काम एक दिवस थांबलं तरी चालेल.

निळ्याचाही एक घोळ आहे. भिंतीतला निळा हा फेज असू शकतो, पण उपकरणांच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो, कारण तो युरोपातला संकेत आहे. ब्रिटनमध्येही पूर्वी आपल्यासारखेच लाल-काळे रंग होते, 2004 पासून तिथे तपकिरी-निळे आले. बाहेरच्या देशात काम करून आलेल्या वायरमनशी हे आधी बोलून घ्यावं.

स्विच नेहमी फेजवर हवा. तपासायचं कसं? स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बल्बच्या होल्डरवर टेस्टर लावायला सांगा. टेस्टर स्पष्ट पेटला तर स्विच न्यूट्रलवर जोडला असण्याची शक्यता दाट आहे. अशा ठिकाणी स्विच बंद करून बल्ब बदलणाऱ्यालाही शॉक बसू शकतो. आणि प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्र ठेवावा. दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग वैतागून कुणीतरी तो काढून टाकतो, आणि शॉकपासून वाचवणारं उपकरणच घरातून जातं.

प्लास्टरवाल्याला हो म्हणण्याआधी

प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढावा, फरशीच्या पातळीपासून मोजपट्टी उभी धरून. एक पट्टी कोपऱ्यापासून आडवीही धरावी, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोतच वाचता येतं. फोटोंना खोली आणि दिशेची नावं द्यावीत, 'स्वयंपाकघर पूर्व' अशी. मोबाईल बदलला की ते हरवतात, तेव्हा एक प्रत ईमेलवर टाकावी आणि एक छापून मेन बोर्डच्या झाकणाच्या आत चिकटवावी.

वायर ओढून झाल्यावर, पण स्विच आणि उपकरणं जोडण्याआधी, 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावं. फेज-न्यूट्रलमध्ये आणि दोन्हींपासून अर्थिंगपर्यंत किमान 1 मेगाओहम दिसायला हवं. नव्या वायरला प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जास्त मिळतं. त्यामुळे एखाद्याच सर्किटचा आकडा इतरांपेक्षा फार खाली असेल, तर ती वायर कुठेतरी सोललेली आहे किंवा पाईपमध्ये पाणी आहे. रंगकाम सुरू होण्याआधी ती बाहेर ओढून बघायची.